संध्याकाळी वाजणाऱ्या तीन घंटा

‘मी सहावी आणि सातवीला गणित शिकवते. सातवीच्या दोन तुकड्या आहेत, सहावीची एक. सातवीच्या एका तुकडीत ४४ मुले आहेत. रोजची कामे सुटू नयेत म्हणून फोनवर तीन आठवणी लावल्या आहेत: सात वाजता “पाठाची तयारी”, आठ वाजता “वह्या तपासणे” आणि साडेनऊला “उद्याचे साहित्य”. पहिले पंधरा दिवस बरे गेले. आता घंटा वाजते आणि मी ती बंद करते. बंद केल्याचेही पुष्कळदा लक्षात राहत नाही. साडेदहाला वह्यांचा गठ्ठा घेऊन बसते, पाठाकडे वळेपर्यंत मध्यरात्र उलटते आणि सकाळी वर्गात गेल्यावर कळते की आलेखाचे कागद घरीच राहिले. आठवण ठेवण्याची याहून चांगली पद्धत कोणती?’
— एक शिक्षिका

नमस्कार.

घंटा वेळेवर वाजूनही काम होत नाही, याची मला दोन कारणे दिसतात. एक कामांच्या क्रमात आहे आणि दुसरे आठवणीच्या शब्दांत. क्रमाचे आधी पाहू, कारण क्रम चुकलेला असताना आठवण कितीही नेटकी लावली तरी ती चुकीच्या वेळी चुकीच्या कामाला बोलावणार.

तयारी, मग तपासणी, मग साहित्य हा क्रम वरवर पाहता सरळ वाटतो. पण शिक्षकाच्या संध्याकाळी तो जवळजवळ उलटा चालवावा लागतो. उद्याच्या तासाला काय शिकवायचे, हे आजच्या वह्यांत लिहिलेले असते. वह्या उघडण्याआधी टाचण काढले, तर ते पाठ्यपुस्तकाच्या पानाप्रमाणे निघते, मुलांना काय कळले आहे त्याप्रमाणे निघत नाही. आणि मग वह्या पाहिल्यावर एक तर तयार केलेले टाचण मोडावे लागते, किंवा ते मोडण्याचा कंटाळा येऊन, मुलांना कळले नाही हे ठाऊक असूनही, आपण पुढचे प्रकरण सुरू करतो. साहित्याची अडचण वेगळी आहे. रात्री साडेनऊला आठवले की उद्या ४४ मुलांसाठी कागद हवेत, तर त्या वेळी कागद शाळेच्या कपाटात असतात, झेरॉक्सचे यंत्र बंद असते आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याच कोणाकडे असते. त्या घंटेला तुमच्या हातात करण्यासारखे काही उरलेलेच नसते, म्हणून ती बंद होते. हा आळस नव्हे.

म्हणून साहित्याच्या कामाचे दोन तुकडे करा. जे दुसऱ्यावर अवलंबून आहे, म्हणजे मागायचे, छापून घ्यायचे, किल्ली घेऊन ठेवायची, ते शाळा सोडण्यापूर्वी करायचे. जे फक्त तुमच्या हातात आहे, म्हणजे कापणे, मोजणे, पिशवीत भरणे, ते रात्री शेवटी करायचे. या दोन टोकांच्या मध्ये तपासणी आणि तिच्यानंतर तयारी, असा क्रम बसतो.

यावर तुम्ही विचाराल की वह्या पाहण्याआधीच शाळेतून काय मागायचे. सगळे आधी कळत नाही, हे खरे आहे. पण उद्या कोणत्या तुकडीला नवा भाग आहे, कोणत्या तासाला हाताने करायचे काही आहे आणि कोणता तास निव्वळ सरावाचा आहे, इतके वेळापत्रकावरून दुपारीच दिसते. माझी सवय अशी होती की वेळापत्रकाच्या प्रतीवर प्रत्येक तासाच्या चौकोनात रोज एक अक्षर लिहायचे: नव्या भागासाठी ‘न’, दुसऱ्या तुकडीत तोच पाठ पुन्हा घ्यायचा असेल तर ‘पु’ आणि सरावासाठी ‘स’. सहा तासांच्या दिवसात ‘न’ बहुधा दोनच निघतात, क्वचित तीन. संध्याकाळच्या तयारीचा सगळा वेळ त्या दोघा-तिघांना द्यायचा असतो. उरलेल्यांना पाच-पाच मिनिटे पुरतात. उद्या सहा तास आहेत म्हणजे सहा पाठ तयार करायचे आहेत, अशा समजुतीनेच बहुतेक जण संध्याकाळी टेबलापासून दूर राहतात.

याच वेळी आणखी एक छोटे काम करायचे आहे. तास संपला की त्या तुकडीच्या नावापुढे दोन ओळी लिहायच्या: कुठे थांबलो आणि कोण अडले. ‘७ अ: उदाहरण ५ पर्यंत, भिन्नछेद बेरीज अर्धवट’ इतके पुरते. सातवीच्या दोन तुकड्या एकच प्रकरण शिकत असल्या तरी आठवड्याच्या मध्यापर्यंत त्या वेगवेगळ्या जागी पोहोचलेल्या असतात आणि संध्याकाळी ‘ब तुकडीत मी कुठे थांबले होते?’ हे आठवण्यातच दहा-पंधरा मिनिटे जातात. ही ओळ तासानंतर लिहिली तर अर्धे मिनिट लागते आणि तीच संध्याकाळी लिहायला बसले तर निम्मी चुकीची निघते.

आता आठवणीच्या शब्दांकडे येऊ. ‘वह्या तपासणे’ हे एका कामाचे नाव आहे. हाताने पहिल्यांदा काय करायचे ते त्यात नाही. घंटा वाजल्यावर मनाला आधी ठरवावे लागते की कोणत्या वह्या, किती, काय पाहायचे, आणि हे ठरवण्याचा शीण आला की हात आपोआप बंद करण्याच्या बटणाकडे जातो. त्याऐवजी ‘७ अ चा गठ्ठा टेबलावर ठेव, पहिल्या वहीतले तिसरे उदाहरण उघड’ असे लिहिले, तर ठरवायचे काही उरत नाही. हे वाक्य बालबोध वाटेल आणि घरातल्या कोणी वाचले तर हसेलही, पण त्यात पहिली हालचाल आहे आणि तिच्या पुढचे काम बरेचसे आपोआप चालते.

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळाला टांगलेल्या आठवणीपेक्षा रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला टांगलेली आठवण जास्त टिकते. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९९ च्या आपल्या लेखात ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन’ अशा स्वरूपात ठरवलेल्या गोष्टी नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा पार पडतात, असे मांडले आहे. याचे कारण समजायला अवघड नाही. सात वाजता तुम्ही कुठे असाल, हातात काय असेल, हे रोज बदलते. घरी आल्यावर पिशवी ठेवण्याची जागा मात्र बदलत नाही. तेव्हा घड्याळाच्या घंटेवर न विसंबता ‘घरात आल्यावर पिशवी खुर्चीवर न ठेवता थेट टेबलावर ठेवायची आणि वह्यांचा गठ्ठा लगेच बाहेर काढायचा’ असे ठरवा. टेबलावर समोर दिसणारा गठ्ठा बंद करता येत नाही.

शाळेतून निघतानाच्या आठवणीसाठीही फोनपेक्षा वस्तू बरी. काही फोन जागा ओळखून आठवण करून देतात, पण ‘येथून निघाल्यावर’ अशी आठवण लावली तर ती तुम्ही फाटकाबाहेर बऱ्याच अंतरावर गेल्यावर वाजते आणि तेव्हा परत फिरण्याची कोणाचीच इच्छा नसते. ते करायचेच असेल, तर शेवटच्या तासानंतर दहा मिनिटांची वेळ लावा. पण सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे एक जाड कागदाचे कार्ड, जे तुम्ही स्टाफरूममधल्या आपल्या कप्प्यात पर्सवर किंवा गाडीच्या किल्लीवर ठेवता, म्हणजे त्याला हात लावल्याशिवाय निघता येत नाही. त्यावर तीनच प्रश्न लिहा: उद्याचे ‘न’ तास कोणते? त्यांच्यासाठी आज कोणाकडून काय घ्यायचे आहे? आज कोणत्या एका तुकडीच्या वह्या घरी न्यायच्या आहेत? तिसऱ्या प्रश्नातला ‘एका’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. तीन तुकड्यांच्या वह्या एकाच दिवशी घरी नेणाऱ्या शिक्षकाच्या दोन तुकड्या हमखास न तपासता परत येतात आणि वर दोन्ही खांद्यांना त्रास होतो तो वेगळाच. तीन तुकड्यांना आठवड्यातले वेगवेगळे वार नेमून द्या आणि मुलांनाही ते वार सांगून ठेवा.

आता तपासणीचा हिशेब. ४४ वह्या आणि प्रत्येक वहीला चार मिनिटे धरली, तर १७६ मिनिटे होतात, म्हणजे तीन तासांना चार मिनिटे कमी. साडेदहाला बसून हे काम मध्यरात्रीआधी संपणार नाही, हे कोणत्याही घंटेपेक्षा गणितच सांगते. म्हणून रोजच्या गृहपाठात प्रत्येक उदाहरण तपासायचे नाही. जे एक उदाहरण उद्याच्या पाठाचा पाया आहे, तेवढेच सर्व वह्यांत पाहायचे. एका वहीला पाऊण मिनिट धरा. ४४ वह्यांना ३३ मिनिटे होतात. बाकीच्या उदाहरणांची उत्तरे उद्या तासाच्या सुरुवातीला फळ्यावर लिहून मुलांना स्वतः ताडून पाहू द्या.

एक संध्याकाळ तपशिलात घेऊन पाहू. समजा, ७ अ ला तुम्ही भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज दिली आहे आणि तिसरे उदाहरण १/३ + १/४ हे आहे. गठ्ठा टेबलावर ठेवून फक्त हे उदाहरण उघडा आणि वह्या वाचता वाचता त्यांचे ढीग करा. लाल पेन अजून हातात घेऊ नका, हे महत्त्वाचे आहे. पेन हातात आले की पहिल्याच वहीत सुधारणा लिहिण्यात तीन मिनिटे जातात. ज्यांचे उत्तर ७/१२ आले, त्यांचा एक ढीग करा. ज्यांनी अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळवून २/७ लिहिले, त्यांचा दुसरा. ज्यांनी छेद १२ पर्यंत बरोबर आणला पण अंश बदललेच नाहीत आणि १/१२ + १/१२ = २/१२ लिहिले, त्यांचा तिसरा. उदाहरण सोडवलेलेच नाही, अशा वह्या चौथ्या ढिगात. समजा, मोजल्यावर हे आकडे १९, १४, ८ आणि ३ असे निघाले, बेरीज ४४. ते चार आकडे त्या तुकडीच्या ओळीपुढे लिहा. तपासणीचे खरे फळ हे चार आकडे आहेत. सही आणि बरोबरची खूण नंतरची.

कारण आता तयारी निम्मी झालीच आहे. पुस्तकाप्रमाणे उद्या वजाबाकी सुरू करायची होती. पण ४४ पैकी २२ मुले बेरजेतच अडली आहेत आणि त्यांतही १४ जणांची चूक एकाच प्रकारची आहे. वजाबाकी एक दिवस पुढे ढकलायची की नाही, या प्रश्नाला आता तर्क करत बसावे लागत नाही. १४ जणांना ‘छेद समान करा’ असे पुन्हा सांगून उपयोग नाही, ते वाक्य त्यांनी कालही ऐकले होते. त्यांना आपलेच उत्तर अशक्य आहे, हे दिसले पाहिजे. म्हणून तासाची सुरुवात या प्रश्नाने करता येईल: २/७ मोठा की १/३ मोठा? दोन्हींचे छेद २१ केले तर २/७ म्हणजे ६/२१ आणि १/३ म्हणजे ७/२१. म्हणजे १/३ मध्ये काहीतरी मिळवल्यावर उत्तर १/३ पेक्षाही लहान आले. मुलांना हा प्रश्न स्वतः सोडवू द्या. वर्गात जी गडबड उडते, ती पाहण्यासारखी असते.

यानंतर कागदाची पट्टी. २४ सेंटिमीटर लांबीच्या पट्टीवर दोन-दोन सेंटिमीटरचे १२ भाग आखले, तर तिचा तिसरा भाग ८ सेंटिमीटर, म्हणजे चार घरे, आणि चौथा भाग ६ सेंटिमीटर, म्हणजे तीन घरे. दोन्ही मिळून सात घरे भरतात आणि ७/१२ डोळ्यांना दिसते. तिसऱ्या ढिगातल्या आठ मुलांची चूकही याच पट्टीने उघडी पडते, कारण १/३ साठी एकच घर रंगवून भागत नाही, हे त्यांना रंगवताना कळते. एकाच साहित्यात दोन वेगवेगळ्या चुका सुटत असतील तर तेच साहित्य निवडावे. दोन चुकांसाठी दोन खेळ आखायला गेलो की त्या तासात दोन्ही अर्धवट राहतात.

टाचण काढताना मी नेहमी तासाच्या शेवटापासून सुरुवात करीत असे आणि तुम्हालाही तेच सुचवीन. शेवटच्या पाच मिनिटांत मुले कोणते एक उदाहरण स्वतः सोडवून दाखवतील, ते आधी लिहा. येथे १/२ + १/५ चालेल. उत्तर ७/१० आणि जुनी चूक टिकली असेल तर उत्तर पुन्हा २/७ येईल, म्हणजे ती लगेच ओळखता येईल. नंतर मधला पट्टीचा भाग आणि सर्वांत शेवटी सुरुवातीचा प्रश्न लिहा. असे केल्याने टाचण दहा ओळींत मावते आणि शेवटचे उदाहरण घ्यायला वेळच उरला नाही, ही रोजची तक्रार कमी होते. नव्या भागाच्या तासाला वीस मिनिटांची मर्यादा ठेवा. वीस मिनिटांत न सुचलेले पुढच्या चाळीस मिनिटांत सुचते, असा माझा अनुभव नाही. त्या चाळीस मिनिटांत फक्त अक्षर सुंदर होते.

मग वह्यांकडे परत या आणि आता लाल पेन घ्या. दुसऱ्या ढिगातल्या १४ वह्यांत एकच प्रश्न लिहा: ‘तुझे उत्तर १/३ पेक्षा मोठे आहे का?’ तिसऱ्या ढिगात: ‘१/३ म्हणजे बारापैकी किती घरे?’ एकेका ढिगाला एकच वाक्य असल्यामुळे हात भराभर चालतो. गुणांचा आकडा घालू नका, असा माझा आग्रह आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या मुलांना नुसता शेरा मिळाला, त्यांची कामगिरी सुधारली; नुसते गुण मिळालेल्यांची किंवा गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची तशी सुधारली नाही. वर्गातही हेच दिसते. दहापैकी सहा असे लिहिले की मूल आकडा पाहते, शेजाऱ्याचा आकडा पाहते आणि वही मिटते. परीक्षेला गुण द्यावेच लागतात. रोजच्या गृहपाठाला ते देण्याची गरज बहुधा नसते.

तुमच्या शाळेत प्रत्येक पानावर सही आणि तारीख हवी, असा नियम असेल, तर तो मोडू नका. तपासलेल्या उदाहरणाशेजारी खूण करा, पानाखाली सही आणि तारीख घाला आणि मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा की बाकीची उदाहरणे वर्गात मुलांनी ताडून पाहिली आहेत. ही गोष्ट वह्या तपासणीसाठी मागवल्यावर सांगितली, तर ती सबब वाटते; महिन्याच्या सुरुवातीला सांगितली, तर ती पद्धत ठरते.

राहिले रात्रीचे साहित्य. ४४ मुलांच्या २२ जोड्या, प्रत्येक जोडीला दोन पट्ट्या, म्हणजे ४४ पट्ट्या. नेहमीच्या ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते, त्यामुळे तीन सेंटिमीटर रुंदीच्या सात पट्ट्या एका कागदात निघतात आणि सात कागद पुरतात. पाच पट्ट्या जास्त निघतील, त्या फाटण्या-हरवण्यासाठी असू द्या. घरे आखायचे काम मुलांकडे सोपवा, कारण १२ समान भाग करताना अर्धे शिकणे होऊन जाते आणि तुमची रात्रही वाचते. असे साधे साहित्य वह्या पाहिल्यावर ठरले तरी चालते. पण खास काही लागणार असेल, म्हणजे आलेखाचे कागद, भूमितीचे मोठे साहित्य किंवा प्रोजेक्टर, तर त्याची नोंद निघतानाच्या कार्डावर व्हायला हवी होती. ती झाली नसेल, तर रात्री धडपड न करता पाठच बदला. नसलेल्या साहित्यावर बेतलेला पाठ सकाळी दुरुस्त करता येत नाही.

भरलेली पिशवी दारापाशी ठेवा आणि तिच्यावर चप्पल किंवा डबा यांपैकी ज्याच्याशिवाय तुम्ही बाहेर पडत नाही ती वस्तू ठेवा. हे सुचवतो, कारण एकदा वर्तुळाच्या पाठासाठी मी अर्धा तास बसून पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या होत्या आणि त्या टेबलावर नीट रचून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या तेथेच नीट रचलेल्या राहिल्या. आठवण मला होती. फक्त ती बस सुटल्यावर झाली.

फोनचा उपयोग अजिबात करू नका, असे माझे म्हणणे नाही. एक आठवण ठेवा, पण ती सुट्टीच्या आदल्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी वाजणार नाही, अशी काळजी घ्या. ज्या दिवशी करण्यासारखे काही नसते त्या दिवशीही वाजणारी घंटा हाताला एकच गोष्ट शिकवते, ती म्हणजे बंद करणे, आणि मग तो हात शाळेच्या दिवशीही तेच करतो. तुमची पंधरा दिवसांची घंटा बहुधा अशीच बहिरी झाली असावी. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाची तयारी सुट्टी सुरू होण्याआधीच, त्या दिवशी शाळेतून निघतानाच्या कार्डावर आटोपा. सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी फक्त कार्ड वाचायचे.

आठवण चुकीच्या जागी लागली आहे, हे ओळखण्याची खूण अशी: एखादी आठवण सलग तीन शाळेच्या दिवशी तुम्ही पुढे ढकलली, तर स्वतःला बोल न लावता तिची जागा बदला. घरात आल्यावर टेबलाशी बसणे जमत नसेल, कारण त्या वेळी घरात दुसरी कामे असतील, तर तपासणी शाळेतल्या मोकळ्या तासाला टांगा आणि घरी फक्त तयारी न्या. ३३ मिनिटांचे काम मोकळ्या तासात जवळजवळ पूर्ण होते. पूर्वीचे तीन तासांचे काम तेथे मावतच नव्हते, म्हणून त्याचा विचार कोणी करीत नसे. दुसरी खूण अशी की ढिगांचे आकडे लिहिलेले आहेत, पण दुसऱ्या दिवशीच्या टाचणात त्यांचा काहीच परिणाम दिसत नाही. तसे झाले, तर तुम्ही पुन्हा टाचण आधी आणि वह्या नंतर करू लागला आहात.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांना ही पद्धत लावू नका. तेथे प्रत्येक प्रश्न तपासावाच लागतो आणि तो एका उत्तरपत्रिकेतले सगळे प्रश्न संपवून न करता एकच प्रश्न सर्व उत्तरपत्रिकांत पाहून करावा, म्हणजे पहिल्या मुलाला आणि चाळिसाव्या मुलाला एकाच मापाने गुण मिळतात. त्या आठवड्यात रोजच्या वह्या घरी नेऊ नका. सरावाचे तास जास्त ठेवा. आणि ज्या संध्याकाळी अंगात ताप असेल किंवा घरी काही अडचण असेल, त्या दिवशी उद्याच्या पहिल्या ‘न’ तासाची पहिली दहा मिनिटे आणि दारापाशची पिशवी एवढेच करून झोपा.

आज रात्री तिन्ही घंटा एकदम काढू नका. साडेनऊची आधी काढा, कारण तिचा उपयोग सर्वांत कमी होता, आणि तिच्या जागी निघतानाचे कार्ड करा. एक आठवडा कार्ड नीट वाचले गेले की आठची घंटा काढून गठ्ठा टेबलावर ठेवण्याची सवय सुरू करा. सातची घंटा त्यानंतर काढायची, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात. तोपर्यंत ती वाजली तर फक्त एवढेच पाहा की वह्यांचे ढीग झाले आहेत की नाहीत, आणि झाले नसतील तर टाचणाची वही उघडू नका.